सात महिन्यांची पाठदुखी आणि मूत्रवाहिनीत अडकलेला खडा

प्रश्न: माझे वडील ५२ वर्षांचे आहेत, शेती करतात. सहा महिन्यांपासून त्यांची पाठ डाव्या बाजूला दुखते. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचे आले. पट्टा, गोळ्या, इंजेक्शने सगळे झाले, तेवढ्यापुरते बरे वाटते. गावात काहीजण म्हणतात किडनी तपासून घ्या, पण लघवीला त्यांना काहीच त्रास नाही. पाठदुखी किडनीची असू शकते का? ओळखायचे कसे?

उत्तर: होय, असू शकते, आणि लघवीला त्रास नसणे हा त्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे. लक्षणांची यादी देण्यापेक्षा एका रुग्णाची हकिगत सविस्तर सांगतो, कारण निदान कुठे अडले आणि कशामुळे सुटले हे त्यातून अधिक नीट कळेल. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सोलापूर जिल्ह्यातले, वय ४६. थोडी बागायत, त्यात ऊस आणि कांदा. उरलेल्या रानात ज्वारी. उन्हाळ कांद्याच्या काढणीत त्यांची पाठ दुखू लागली, तेव्हा कारण शोधण्याची गरज कोणालाच वाटली नाही. दिवसभर वाकून कांदा उपटायचा, पात कापायची, गोण्या भरून ट्रॉलीत टाकायच्या, आणि रात्रीची वीज असली की उसाला दारे धरायला जायचे. अशा माणसाची पाठ दुखली नाही तरच नवल. पण काढणी संपली, पाऊस पडून पेरण्या झाल्या, तरी दुखणे गेले नाही. प्रथम गावातच चोळून घेतले. मग तालुक्याच्या ठिकाणी इंजेक्शने झाली. त्यानंतर मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या सुरू झाल्या, आधी गरजेपुरती एक आणि पुढे रोजच्या दोन. तीन महिन्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यांमधली गादी फुगल्याचे दिसले आणि दुखण्याला नाव मिळाले. पट्टा आला, वजन लावून झाले, फिजिओथेरपी सुरू झाली.

त्यांना माझ्याकडे पाठवले ते फिजिओथेरपिस्टने. तिच्या लक्षात आले की कोणत्याही व्यायामाने, कोणत्याही स्थितीत हे दुखणे कमीही होत नाही आणि वाढतही नाही. मणक्याचे, स्नायूंचे दुखणे हालचालीशी बांधलेले असते. वाकले की कळ येते, उताणे पडून गुडघे दुमडले की आराम पडतो, सकाळी उठताना पाठ धरते आणि चालल्यावर मोकळी होते. इथे तसे काहीच नव्हते. सात महिन्यांत या एका निरीक्षणाने जे काम केले ते एमआरआयने केले नाही.

तपासताना मी त्यांना विचारले, नेमके कुठे दुखते ते हाताने दाखवा. त्यांनी डावा हात कमरेवर ठेवला, अंगठा पुढे पोटाकडे आणि चारही बोटे मागे, शेवटच्या बरगडीच्या खाली. मूत्रपिंडाचे दुखणे असलेले रुग्ण बहुधा असाच हात ठेवतात. गादीचे दुखणे दाखवायला सांगितले की हात खाली, कमरेच्या मध्यावर किंवा पट्ट्याच्या रेषेवर जातो आणि तिथून कुल्ल्याकडे, मांडीमागे उतरतो. हा फरक शरीररचनेतूनच येतो. मूत्रपिंडे पोटाच्या पोकळीत पुढे नसतात. ती पाठीच्या स्नायूंना टेकून, साधारण बाराव्या छातीच्या मणक्यापासून तिसऱ्या कंबरमणक्यापर्यंतच्या उंचीवर असतात. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी त्याच्या बरीच खाली आहे. एखाद्याचे दुखणे शेवटच्या बरगडीखाली, मध्यरेषेपासून चार बोटे बाजूला असेल आणि अहवालातली गादी त्याच्या वीतभर खाली असेल, तर त्या दोघांचा संबंध जोडण्यापूर्वी थांबायला हवे.

उताणे झोपवून पाय सरळ ठेवून उचलला, तर दोन्ही पाय पुरेसे वर गेले आणि पायात कळ उतरली नाही. गादीने नस दाबली असती तर बहुधा तसे झाले नसते. मग बसवून, पाठीच्या कण्याच्या आणि शेवटच्या बरगडीच्या मधल्या कोनावर एक तळहात ठेवून त्यावर मुठीने हलका ठोका दिला. उजवीकडे काही नाही. डावीकडे ते दचकून पुढे झाले. ही चाचणी खात्रीची नाही, स्नायू दुखावले असले तरी ठोका लागतो. पण दोन बाजूंमधला एवढा ठळक फरक दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

बोलता बोलता त्यांच्या पत्नीने एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी स्वतः कधी कोणत्या डॉक्टरांना सांगितली नव्हती. लग्नाकार्यात किंवा बाजाराच्या दिवशी भरपूर पाणी, ताक, सरबत पिणे झाले की तास-दोन तासांनी पाठीतला ठणका वाढतो, म्हणून ते हल्ली पाणीच कमी पितात. मूत्रमार्गात अर्धवट अडथळा असलेल्या रुग्णात हे नेमके असेच घडते. लघवी एकदम जास्त तयार झाली की अडथळ्यातून ती तेवढ्या वेगाने उतरू शकत नाही आणि मूत्रपिंडाच्या पोकळीत ताण वाढतो. मणक्याच्या दुखण्याचा ताकाशी संबंध नसतो.

लघवीची साधी तपासणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यक्षेत्रात १५ ते २० तांबड्या पेशी आणि ८ ते १० पूपेशी होत्या. डोळ्यांना लघवी स्वच्छच दिसत होती. एवढे रक्त डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील क्रिॲटिनिन १.३ होते, म्हणजे सामान्य मर्यादेच्या काठावर. मधल्या काळात एकदा ते १.२ आले होते आणि त्यावर ‘किडनी नॉर्मल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. या वाक्याने फसणारे रुग्ण मी नेहमी पाहतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. क्रिॲटिनिन हे दोन्ही मूत्रपिंडांच्या एकत्रित कामाचे माप आहे. एक बाजू अडून बसली तरी दुसरी निरोगी बाजू जास्तीचे काम उचलते आणि आकडा सामान्य राहतो. एकूण क्षमता जवळजवळ निम्मी घटेपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे एकाच बाजूच्या दुखण्यात क्रिॲटिनिन सामान्य आहे म्हणून त्या बाजूचे मूत्रपिंड ठीक आहे असे म्हणता येत नाही. ते पाहायचे असेल तर सोनोग्राफीच करावी लागते.

सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड फुगलेले दिसले. आतली पोकळी लघवीने तुडुंब भरलेली आणि भोवतीचा काम करणारा थर पातळ झालेला. खडा मात्र दिसला नाही. मूत्रवाहिनी आतड्यांच्या मागून जाते आणि आतड्यांतल्या वायूमुळे तिचा मधला भाग सोनोग्राफीत बऱ्याचदा झाकला जातो. ‘सूज आहे, खडा नाही’ असा अहवाल आला तर खडा नाहीच असे समजू नये. औषध न टोचता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीच्या वरच्या टोकाला, मूत्रपिंडातून बाहेर पडल्यावर लगेचच, १३ मिलिमीटरचा खडा रुतून बसलेला आढळला.

आता, एवढा खडा असताना त्यांना ती सुप्रसिद्ध असह्य कळ का आली नाही? पाटात पुढे अचानक माती ढासळली तर पाणी लगेच तुंबून बांध फुटू लागतो. तीच माती हळूहळू साचत गेली तर पाणी झिरपत राहते आणि मागे चिखल वाढत जातो. मूत्रवाहिनीतही असेच होते. खडा अचानक अडकला की दाब एकदम वाढतो आणि माणूस गडाबडा लोळतो. तो जागच्या जागी सावकाश वाढला, कडेने थोडी लघवी जात राहिली, तर पोकळी महिनोन्महिने हळूहळू ताणली जाते आणि तिचा त्रास फक्त एक बोथट, सततचा ठणका एवढाच असतो. काहींना तेवढाही नसतो. त्यांचे मूत्रपिंड निकामी झाल्याचे दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत कळते. या रुग्णाला ठणका होता हे एका अर्थी त्यांचे नशीबच म्हणायचे.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. गोळीने बरे वाटते म्हणजे दुखणे हाडाचे किंवा स्नायूंचे आहे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. मुतखड्याच्या तीव्र कळेवर आम्ही स्वतःच डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देतो आणि ते उत्तम काम करते, कारण ते मूत्रपिंडाकडे येणारा रक्तप्रवाह आणि त्यामुळे लघवीची निर्मिती काही काळ कमी करते. ताण उतरतो आणि कळ थांबते. म्हणजे सात महिने गोळीने आराम पडत होता तो मूत्रपिंड आधीच अडलेले असताना त्याचे काम आणखी कमी करून. शिवाय उन्हात घाम गाळलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या शरीरात ही गोळी निरोगी मूत्रपिंडालाही झेपत नाही. पाणी प्यायल्याने दुखते म्हणून पाणी कमी, दुखते म्हणून गोळी जास्त, असे दुहेरी नुकसान त्यांच्या बाबतीत चालू होते.

त्यांचा जुना एमआरआय मी मागवून घेतला. कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यांचे उभे छेद असतात आणि गाद्यांच्या पातळीवर आडवे छेदही असतात. ज्या प्रकारच्या चित्रांत पाणी पांढरे दिसते, त्यांतल्या वरच्या दोन आडव्या छेदांत, चित्राच्या अगदी कडेला, मणक्याच्या डाव्या बाजूस लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा होता. तीच ती लघवीने भरलेली पोकळी. अहवालात तिचा उल्लेख नव्हता. यात तंत्राची मर्यादा आहे हेही मान्य करायला हवे. ही तपासणी मणक्यासाठी असते, मूत्रपिंडाचा फक्त एखादा भाग कडेला येतो आणि अनेकदा तोही कापला जातो. उलट, गादी फुगल्याचा उल्लेख मात्र ठळक अक्षरात होता, आणि पन्नाशीच्या आसपासच्या ज्यांना काहीही दुखत नाही अशा निम्म्याहून अधिक लोकांचा एमआरआय केला तरी असा उल्लेख येतो. त्यांची गादी फुगलेली होती हे खरे होते. तेच दुखण्याचे कारण होते, हे कोणी पडताळून पाहिले नव्हते.

उपचारांची सुरुवात खडा काढण्यापासून झाली नाही. लघवीत पूपेशी होत्या, म्हणून आधी लघवीचे कल्चर पाठवले आणि त्यानुसार प्रतिजैविक सुरू केले. अडलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या मूत्रपिंडावर थेट खड्याची शस्त्रक्रिया केली तर जंतू रक्तात पसरून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून प्रथम मूत्राशयातून दुर्बीण घालून, खड्याच्या कडेने एक बारीक लवचिक नळी मूत्रपिंडापर्यंत चढवली. तिला डीजे स्टेंट म्हणतात. तिच्यामुळे तुंबलेली लघवी उतरू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितले की पाठीतला ठणका गेला आहे, मात्र लघवी करताना जळजळते. ती जळजळ नळीमुळे असते आणि सुसह्य असते. ठणका असा नळीसरशी थांबला, तेव्हा निदानाबद्दल उरलीसुरली शंकाही मिटली.

काही आठवडे ताण उतरू देऊन मग किरणोत्सारी द्रव्य टोचून करतात तो मूत्रपिंडाचा स्कॅन केला. त्यात प्रत्येक मूत्रपिंड किती टक्के काम करते ते वेगवेगळे कळते. डावे २४ टक्के, उजवे ७६ टक्के. हा स्कॅन ताण उतरल्यानंतर करण्याला महत्त्व आहे, कारण तुंबलेल्या अवस्थेत मूत्रपिंड प्रत्यक्षापेक्षा अधिक निकामी भासते आणि वाचवण्याजोगा अवयव काढून टाकण्याचा निर्णय होऊ शकतो. हा वाटा साधारण दहा टक्क्यांहूनही कमी उरला असेल तर मूत्रपिंड ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. इथे ते वाचवण्यासारखे नक्कीच होते. पुढे पाठीतून लहान छिद्र करून दुर्बिणीने खडा फोडून काढला. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारचा होता. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच चौकशी करावी.

एक सूचना या ठिकाणी करणे भाग आहे. शस्त्रक्रियेनंतर आतली नळी ठरलेल्या तारखेला काढून घ्यावीच लागते. दुखणे थांबले, पेरणी आली, ऊसतोड आली, असे म्हणत काहीजण वर्षभर येतच नाहीत आणि मग त्या नळीवरच खडा चढलेला असतो, जो काढणे मूळच्या खड्यापेक्षा कठीण जाते. या गृहस्थांनाही फोन करून बोलवावे लागले, पण ते आले.

तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये डावे मूत्रपिंड २९ टक्क्यांवर आले होते. पातळ झालेला थर पूर्वीसारखा जाड होत नाही, त्यामुळे यापुढे फार मोठ्या सुधारणेची अपेक्षा मी त्यांना दिली नाही. शेवटच्या बरगडीखालचा ठणका पूर्ण गेला. दिवसभर खुरपणी केल्यावर कमरेच्या मध्यावर येणारा ताठरपणा मात्र राहिला आहे, कारण तो मूत्रपिंडाचा नव्हताच. ती दोन वेगळी दुखणी होती आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याला झाकले होते. ताठरपणासाठी फिजिओथेरपी चालू आहे.

आता तुमच्या वडिलांविषयी. बहुतेक पाठदुखी मणक्याची आणि स्नायूंचीच असते, त्यामुळे त्यांचेही कारण मूत्रपिंडच असेल असे मी म्हणत नाही. तसेच ‘किडनी खराब झाली की पाठ दुखते’ असाही अर्थ यातून काढू नका. मधुमेह किंवा रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात तेव्हा पाठ सहसा दुखत नाही. दुखते ते अडथळा, जंतुसंसर्ग, गाठ किंवा क्षयामुळे मूत्रपिंड ताणले वा सुजले तर. त्यांना नेमकी जागा हाताने दाखवायला सांगा. दुखणे वाकण्या-उठण्याने बदलते का, भरपूर पाणी प्यायल्यावर वाढते का, रात्री कूस बदलून आराम पडतो का, हे विचारा. पूर्वी कधी खडा पडला होता का, हेही विचारा. पुष्कळदा ती गोष्ट माणूस विसरलेला असतो.

उत्तरे काहीही आली तरी सहा महिन्यांच्या एकाच बाजूच्या दुखण्यात लघवीची साधी तपासणी, क्रिॲटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी या तीन गोष्टी याच आठवड्यात करून घ्याव्यात. त्या तालुक्याच्या ठिकाणी होतात आणि एमआरआयच्या तुलनेत खर्च फारच कमी आहे. लघवीत तांबड्या पेशी नसल्या तरी सोनोग्राफी टाळू नका, कारण खडा असूनही काही रुग्णांच्या लघवीत रक्त सापडत नाही. सोनोग्राफीत एका बाजूला सूज आली आणि खडा दिसला नाही, तर सीटी स्कॅनविषयी मूत्ररोगतज्ज्ञांना विचारा. जाताना एमआरआयचा नुसता कागदी अहवाल न नेता फिल्म किंवा सीडी बरोबर न्या.

तोपर्यंत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या बंद ठेवा आणि फार दुखले तर तुमच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या. गोळ्यांची नावे वेष्टनावर लहान अक्षरात असतात आणि अनेक मिश्रगोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफिनॅकही असते, तेव्हा वेष्टन वाचूनच द्या. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या; अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला असेल तर काही तासांतच त्याचा निचरा करावा लागतो. पायात जोर कमी वाटू लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तीही तितकीच तातडीची गोष्ट आहे, पण ती मणक्याची असते आणि त्यासाठी मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावे लागेल.